एकाच सेटअपचे महिनाभर पेपर ट्रेडिंग: खरे पैसे लावण्यापूर्वी वहीत काय असावे

प्रश्न: मी 15 मिनिटांच्या ओपनिंग रेंज ब्रेकआउटवर इंट्राडे करायचे ठरवले आहे. भांडवल 2 लाख आहे. आधी एक महिना पेपर ट्रेडिंग करणार आहे. सर, नोंदी नेमक्या कोणत्या ठेवू आणि महिन्यानंतर खरे पैसे लावायचे की नाही, हे कशावरून ठरवू?

उत्तर:

एका महिन्यात बाजाराचे साधारण वीस-एकवीस दिवस मिळतात आणि तुम्ही निवडलेल्या सेटअपवर, चार-पाच शेअरच पाहिले तर, वीस-पंचवीस सौदे हाती लागतात. एवढ्या सौद्यांवरून हा सेटअप नफ्याचा आहे की तोट्याचा, हे सिद्ध होत नाही. महिन्याने दोनच गोष्टी पक्क्या कळतात: तुमचे नियम पूर्ण लिहिलेले आहेत का, आणि तुम्ही ते जसेच्या तसे पाळू शकता का. नोंदींची सगळी रचना या दोन प्रश्नांसाठी करावी. नफा-तोट्याचा आकडाही नोंदवायचाच आहे, पण त्याला किती वजन द्यायचे ते पुढे सांगतो.

पहिली नोंद महिना सुरू होण्याआधीची आहे. एका कागदावर सेटअप असा लिहा की तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या ट्रेडरने तो वाचून, तुम्हाला न विचारता, तोच सौदा त्याच वेळी घेतला पाहिजे. "रेंज तोडली की घ्यायचे" हा नियम नव्हे. रेंज म्हणजे 9:15 ते 9:30 मधला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव. ती तोडली असे केव्हा म्हणायचे, भाव नुसता वर गेला की 5 मिनिटांची कँडल वर बंद झाली? किती वाजेपर्यंतचे ब्रेकआउट धरायचे? स्टॉपलॉस रेंजच्या तळाशी की मध्यावर? टार्गेट किती, आणि टार्गेटही नाही नि स्टॉपही नाही, तर किती वाजता बाहेर पडायचे? बहुतेक ब्रोकर इंट्राडे सौदे तीनच्या पुढे, सव्वातीनच्या आसपास आपोआप स्क्वेअर ऑफ करतात, म्हणून आपली वेळ त्याआधीची असावी.

पुढच्या उदाहरणासाठी मी असे नियम धरतो. निफ्टी 50 मधले पाच शेअर महिनाभरासाठी कायम. फक्त तेजीचे सौदे. 5 मिनिटांची कँडल रेंजच्या वर बंद झाली की पुढच्या कँडलच्या सुरुवातीला एंट्री, तीही 11 वाजेपर्यंतच. स्टॉपलॉस रेंजच्या तळाला, टार्गेट जोखमीच्या दीडपट, नाहीतर 3:10 ला बाहेर. रेंजची रुंदी भावाच्या 0.5 ते 1.2 टक्के. एका सौद्यात भांडवलाच्या अर्धा टक्का, म्हणजे 1000 रुपये जोखीम. एका वेळी एकच सौदा उघडा. या शेवटच्या नियमाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. कागदावर एकाच वेळी तीन शेअर विकत घेता येतात, पण 2 लाखांत, उधारीचे मार्जिन न वापरता, ते बसतीलच असे नाही आणि मग कागदावरचा महिना तुमच्या खात्याचा राहत नाही. पहिला सौदा उघडा असताना दुसरा सिग्नल आला तर तो "भांडवल अडकलेले" एवढे लिहून सोडून द्यावा.

आता एक सौदा शेवटपर्यंत पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. पहिल्या 15 मिनिटांत एका शेअरचा उच्चांक 812 आणि नीचांक 806 आहे. रेंज 6 रुपयांची, म्हणजे साधारण पाऊण टक्का, नियमात बसणारी. 9:50 ला संपलेली कँडल 813.20 वर बंद झाली. या क्षणी वहीत एंट्रीचा भाव कोणता लिहायचा? 813.20 नव्हे, आणि 812.05 तर मुळीच नव्हे. तुम्ही खरेदीदार आहात, म्हणून त्या क्षणी ब्रोकरच्या स्क्रीनवर विक्रेते जो भाव मागत आहेत तो लिहायचा. तो 813.40 आहे असे समजू. स्टॉप 806, म्हणजे जोखीम शेअरमागे 7.40 रुपये. 1000 ला 7.40 ने भागले की 135 शेअर येतात आणि खरेदीची रक्कम सुमारे 1 लाख 9 हजार 800 होते. टार्गेट 813.40 अधिक 11.10, म्हणजे 824.50.

हे सगळे, वेळेसकट, निकाल लागण्याआधी लिहिलेले असले पाहिजे. त्याच मिनिटाला चार्टचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण संध्याकाळी घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पुढच्या कँडलही दिसतात आणि नजर त्यांच्याकडे जाते. दुपारी आठवून भरलेल्या वहीत तोट्याचे सौदे थोडे आणि टार्गेट जास्त सापडतात. यात खोटेपणा असतो असे नाही. जे घडले ते माहीत झाल्यावर "हा मी घेतलाच असता" आणि "तो घेतला नसता" हे दोन्ही सहज खरे वाटू लागते. म्हणून माझ्या दृष्टीने निकालाआधी न लिहिलेला सौदा झालेलाच नाही.

हा सौदा स्टॉपवर गेला असे धरू. भाव 806 ला आला, पण तुम्ही आता विक्रेते आहात, म्हणून खरेदीदार देत असलेला भाव धरायचा. तो 805.80 निघाला. शेअरमागे तोटा 7.60, एकूण 1026 रुपये. यात खर्च मिळवा. दर सौद्याच्या बाजूला 20 रुपये ब्रोकरेज असेल तर दोन्ही बाजूंचे 40. इंट्राडेत सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स फक्त विक्रीवर 0.025 टक्के, तो 27 रुपये. खरेदीवर 0.003 टक्के मुद्रांक शुल्क, ते 3 रुपये. एक्स्चेंजचे शुल्क दोन्ही बाजूंनी लाखाला साधारण 3 रुपये, ते साडेसहा. ब्रोकरेज आणि एक्स्चेंजच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, ते सुमारे साडेआठ. सेबीची फी पैशांत येते. एकूण खर्च 86 रुपयांच्या आसपास. हे दर मधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या ब्रोकरच्या ताज्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून किंवा त्याच्या ब्रोकरेज कॅल्क्युलेटरवरून स्वतःचा आकडा काढावा.

म्हणजे 1000 रुपयांची ठरवलेली जोखीम प्रत्यक्षात 1112 रुपयांचा तोटा झाली. ठरवलेल्या जोखमीला ट्रेडर मंडळी एक आर म्हणतात. त्या मापाने हा उणे 1.11 आर. हाच सौदा टार्गेटला गेला असता तर 1498 रुपयांतून 86 वजा होऊन 1412 उरले असते, म्हणजे अधिक 1.41 आर. प्रत्येक सौदा रुपयांबरोबर आरमध्येही लिहावा, म्हणजे वेगवेगळ्या भावांचे आणि क्वांटिटीचे सौदे एका रांगेत तपासता येतात. स्प्रेडशीटमध्ये D एंट्री, E स्टॉप, F क्वांटिटी, G एक्झिट आणि H खर्च असे कॉलम असतील तर निव्वळ नफा-तोटा I मध्ये आणि आर J मध्ये असा येईल:

```
I2:  =(G2-D2)*F2-H2
J2:  =I2/((D2-E2)*F2)
```

या दोन आकड्यांतून एक फार उपयोगी गोष्ट निघते. खर्च धरला नाही तर दीडपट टार्गेटच्या सेटअपला नुसते बरोबरीत राहायला शंभरांत 40 सौदे जिंकावे लागतात. खर्च आणि स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, धरले की तोटा 1.11 आणि नफा 1.41 होतो आणि बरोबरीची रेषा 44 वर जाते. रेंज अरुंद असेल तर ती आणखी वर सरकते. याच शेअरमध्ये एंट्री आणि स्टॉपमधले अंतर फक्त 2.50 रुपये असेल तर 2 लाखांत 245 शेअर येतात, खर्च सुमारे 117 रुपये होतो आणि जोखीम 612 रुपयांची. खर्च एकटाच 0.19 आर झाला. त्यात 20 पैशांचे स्लिपेज मिळवले की तोटा 1.27 आर, नफा 1.31 आर आणि बरोबरीची रेषा 49. रेंजच्या रुंदीला मी खालचीही मर्यादा घातली ती यासाठी. छोटा स्टॉप स्वस्त वाटतो, पण खर्चाचा सर्वांत जास्त भार त्याच्यावरच पडतो. सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 2022-23 या वर्षात रोखीच्या विभागात इंट्राडे करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 71 टक्के तोट्यात होते आणि तोट्यातल्यांनी आपल्या तोट्याच्या आणखी 57 टक्के एवढी रक्कम खर्चापोटी घालवली होती. खर्चाचा कॉलम रिकामा असलेली पेपर ट्रेडिंगची वही म्हणूनच मी पुढे वाचत नाही.

भाव धरण्याबाबत आणखी दोन नियम आधीच लिहून ठेवावेत. टार्गेटच्या लिमिट ऑर्डरला भाव नुसता शिवला म्हणजे तुमचे शेअर विकले गेले असे नाही, कारण त्या भावाला तुमच्या पुढे इतरांच्या ऑर्डरींची रांग असते. टार्गेटच्या निदान एक टिक वर सौदे झाले असतील तरच टार्गेट मिळाले असे धरा. आणि एकाच कँडलमध्ये स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आले, पण आधी कोणते आले ते तुम्ही पाहिले नसेल, तर स्टॉप आधी आला असे लिहा. हे दोन्ही नियम तुमच्याविरुद्ध झुकलेले आहेत आणि ते तसेच असायला हवेत.

सौदा संपल्यावर भरायच्या रकान्यांत मी दोनांचा आग्रह धरतो. एक, सौदा उघडा असताना भाव तुमच्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला आणि विरुद्ध किती गेला. दुसरा, नियम पाळला का, याचे हो किंवा नाही. "थोडाफार" हे उत्तर नको. पहिल्या रकान्याचा उपयोग महिन्याअखेरीस होतो. तोट्याचे बहुतेक सौदे आधी 1 आरपर्यंत वर जाऊन परत फिरले असतील तर टार्गेट दूर असल्याची शंका घेता येते. जिंकलेले सौदे विरुद्ध दिशेला 0.3 आरपेक्षा जास्त गेलेच नसतील तर स्टॉप गरजेपेक्षा लांब असू शकतो. पण या शंका महिनाभर वहीच्या मागच्या पानावरच राहिल्या पाहिजेत. दहाव्या दिवशी टार्गेट बदलले तर तुमच्याकडे वीस दिवसांची एका सेटअपची नोंद उरत नाही, दहा-दहा दिवसांच्या दोन सेटअपच्या नोंदी होतात आणि त्यातल्या कशावरूनच काही म्हणता येत नाही.

आता ज्या नोंदीशिवाय बाकी सगळी वही फसवी ठरू शकते, ती सांगतो. रोज संध्याकाळी पाचही शेअरचे चार्ट उघडून, तुमच्या लेखी नियमांनुसार त्या दिवशी कोणकोणते सिग्नल यायला हवे होते, त्यांची वेगळी यादी करायची आणि ती दिवसभरात तुम्ही लिहिलेल्या सौद्यांशी ताडून पाहायची. तुम्ही न घेतलेला प्रत्येक सिग्नल, त्याचा निकाल आणि न घेण्याचे कारण लिहायचे. ही यादी मागे वळून केलेली आहे, म्हणून तिचे आकडे घेतलेल्या सौद्यांत मिसळायचे नाहीत. ती ताळ्यासाठी आहे.

समजा, महिन्यात तुम्ही 17 सौदे लिहिले, 10 टार्गेटला गेले आणि 7 स्टॉपला. वरच्या आकड्यांनी हे अधिक 6.33 आर, म्हणजे 2 लाखांवर सहा हजारांहून जास्त. उत्साह वाटेल असाच महिना. संध्याकाळच्या यादीत मात्र घेता येण्याजोगे 24 सिग्नल आहेत. सुटलेल्या 7 पैकी 1 जिंकला, 6 हरले. पूर्ण यादीचा निकाल अधिक 1.08 आर, म्हणजे जेमतेम बरोबरी. वहीत दिसलेला नफा सेटअपमधून आला नव्हता, काही सिग्नल सुटण्यातून आला होता. आता कारणांचा रकाना वाचा. "मीटिंग होती" असे असेल तर तो योगायोग आहे आणि पुढच्या महिन्यात तुमचे जिंकणारे सिग्नलही तसेच सुटतील. 9:30 ते 11 या वेळेत नोकरीमुळे स्क्रीनसमोर बसता येत नसेल, तर हा सेटअप तुमच्यासाठी नाही, हे याच रकान्यातून सर्वांत आधी समजते. "निफ्टी खाली होता म्हणून सोडला" असे वारंवार असेल तर तुमच्या डोक्यात एक न लिहिलेला नियम आहे. तो लिहून काढा, पण पुढच्या महिन्याच्या नव्या कागदावर. "आधीचे दोन स्टॉप गेले म्हणून घेतला नाही" असे असेल, तर पैसे नसतानाही भीतीने तुमचा हात थांबला, आणि खरे पैसे लागल्यावर तो जास्तच थांबेल.

महिन्याअखेरच्या नफ्याला किती वजन द्यायचे, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. तुमचा सेटअप खरोखर शंभरांत 50 वेळा जिंकणारा आहे असे धरू, म्हणजे बरोबरीच्या 44 पेक्षा बराच चांगला. अशा सेटअपचे 25 सौदे केले तर जिंकलेले सौदे 10 ते 15 च्या दरम्यान येण्याची शक्यता सुमारे तीन चतुर्थांश आहे. 10 आले तर महिना उणे 2.55 आर, 15 आले तर अधिक 10.05 आर. सेटअप तोच, ट्रेडर तोच, नियमही सगळे पाळलेले. आणि उरलेल्या एक चतुर्थांश वेळा आकडा या दोन टोकांच्याही बाहेर जातो. म्हणून एका महिन्याच्या तोट्यावरून सेटअप फेकून देणे आणि एका महिन्याच्या नफ्यावरून पूर्ण क्वांटिटी लावणे, हे दोन्ही निर्णय अपुऱ्या पुराव्यावरचे आहेत. नफ्याबद्दल काही म्हणायचे असेल तर निदान शंभर सिग्नल हवेत. त्यासाठी जुने चार्ट एकेक कँडल पुढे सरकवून, त्याच लेखी नियमांनी आणि त्याच खर्चाने तपासावेत आणि तो निकाल वेगळ्या पानावर ठेवावा.

साधनाविषयी थोडे. यासाठी वही किंवा स्प्रेडशीट आणि तुमच्या ब्रोकरचा चार्ट एवढे पुरते. आभासी पैशांवर शेअर खेळवून बक्षिसे देणारी, प्रवेश फी घेणारी अॅप्स टाळावीत. अशा अनधिकृत व्हर्च्युअल ट्रेडिंगच्या मंचांपासून सावध राहण्याचा इशारा सेबीने 2016 मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. मोफत चार्टवर भाव काही मिनिटे उशिरा दिसत नाहीत ना, हेही पहिल्याच दिवशी ब्रोकरच्या स्क्रीनशी ताडून पाहावे. पाच मिनिटांच्या कँडलवर चालणाऱ्या सेटअपमध्ये एवढा उशीर सगळी नोंद निरुपयोगी करतो.

खरे पैसे लावायचे की नाही, हे मी पुढील गोष्टींवरून ठरवीन. नियमांच्या कागदावर महिनाभरात एकही बदल झालेला नसावा. संध्याकाळच्या यादीतल्या दहापैकी नऊ सिग्नल तुम्ही त्या त्या वेळी, निकालाआधी लिहिलेले असावेत. नियम मोडलेले सौदे एक-दोनाहून जास्त नसावेत. आणि जुन्या चार्टवरच्या शंभरेक सिग्नलचा निकाल, खर्च वजा जाता, शून्याच्या वर असावा. या महिन्याचा स्वतःचा निकाल थोडा उणे असला तरी मी त्यावर अडून बसणार नाही. पण सिग्नल सुटत असतील तर नफा कितीही दिसत असला तरी आणखी एक महिना कागदावरच काढायला सांगेन.

पुढची पायरी पूर्ण क्वांटिटीची नाही. उदाहरणातल्या 135 शेअरऐवजी 10 शेअर घ्यावेत. काही डिस्काउंट ब्रोकरांकडे इंट्राडेला ब्रोकरेज 20 रुपये किंवा 0.03 टक्के, यातले जे कमी ते असते, त्यामुळे 8 हजारांच्या सौद्यावर ते एका बाजूला अडीच रुपयांच्या आत राहते. तुमच्या ब्रोकरची किमान आकारणी वेगळी असेल तर ती आधी पाहावी, नाहीतर छोट्या सौद्यांत आरचे आकडे बिघडतात. या काळात कागदी वही बंद करायची नाही. प्रत्येक सिग्नलला आधी कागदावर पूर्वीसारखाच भाव लिहा, मग ऑर्डर टाका आणि शेजारच्या रकान्यात कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा खरा भाव लिहा. खरेदी सातत्याने कागदापेक्षा 30-40 पैसे वर होत असेल तर तुमचे स्लिपेजचे गृहीतक चुकीचे आहे आणि बरोबरीची रेषा पुन्हा काढावी लागेल. एंट्रीचे भाव जुळतात पण एक्झिटचे जुळत नाहीत, कागदावर 824.50 आणि खात्यात 818, असे वारंवार दिसले तर दोष भावाचा नाही, टार्गेट येण्याआधीच तुम्ही सौदा कापता आहात. अशा वीस-पंचवीस जोड्या झाल्या की कागदी आर आणि खरा आर यांची बेरीज शेजारी ठेवा. दर सौद्यामागे फरक 0.1 आरच्या आत असेल तर क्वांटिटी 10 वरून 30 करा आणि ताळा तसाच चालू ठेवा. फरक त्याहून मोठा असेल तर तो एंट्रीत आहे, एक्झिटमध्ये आहे की सुटलेल्या सिग्नलमध्ये आहे हे या जोड्यांतून शोधून काढा आणि ते सापडेपर्यंत क्वांटिटी 10 वरच ठेवा.